बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची मेल आणि चार गावांची घड्याळं

बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची तारीख ठरली रविवार, 2 नोव्हेंबर 2025. कार्यक्रम नाशिकला, घरीच. इथल्या मंडळींना फोन केले की काम झालं. परदेशातल्या चार घरांना मात्र मेल पाठवायची होती, आणि ती मला अगदी नीट लिहायची होती, कारण आधी एकदा माझ्या हातून मोठी चूक झाली होती.

जानेवारी 2024 मध्ये माझ्या नातीचं बारसं संध्याकाळी 6 वाजता होतं. न्यू जर्सीतल्या दादाला मी ‘सकाळी साडेआठ’ कळवलं. आपल्यात आणि त्यांच्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं होतं. पण तो फरक उन्हाळ्यातला. थंडीत तिकडची घड्याळं तासभर मागे नेलेली असतात, तेव्हा फरक होतो साडेदहा तासांचा. त्यांच्याकडे तेव्हा साडेसातच वाजायला हवे होते. दादा-वहिनी आवरून स्क्रीनसमोर बसले, तोवर बाळाच्या कानात नाव सांगून झालं होतं, पेढेही वाटून झाले होते. दादा काही बोलला नाही, पण मला ते फार लागलं.

म्हणून या वेळी सप्टेंबरातच बसले. आधी गुरुजींना विचारलं की ‘सुरू’ म्हणजे नेमकं काय धरायचं. त्यांनी सांगितलं, संकल्प साडेनऊला, मग पूजा आणि होम, आणि बाबांना 81 दिव्यांनी ओवाळायचं ते साधारण सव्वाअकराला. परदेशातल्या माणसाला अर्ध्या रात्री उठून सगळा होम बघायला सांगणं बरोबर नाही. त्याला औक्षणाची वेळ वेगळी कळायला हवी. म्हणून मेलमध्ये दोन वेळा द्यायच्या ठरवल्या.

हिशोबासाठी मी देशादेशांमधले फरक पाठ करणं सोडून दिलं. आधी भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केले. साडेनऊचे पहाटेचे 4 झाले, सव्वाअकराचे 5:45. ही झाली यूटीसी वेळ, म्हणजे कधीच न हलणारी. मग प्रत्येक गावी त्या तारखेला यूटीसीपासून किती अंतर असतं ते पाहिलं. आजच्या दिवशी किती आहे, ते नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण फोनमधलं जागतिक घड्याळ आजचा फरक दाखवतं. सप्टेंबरात ते लंडन आपल्या साडेचार तास मागे दाखवत होतं. ब्रिटनमध्ये 26 ऑक्टोबरला घड्याळं मागे जाणार होती, त्यामुळे 2 नोव्हेंबरला फरक साडेपाच तासांचा होणार होता. मेलबर्नला उलटं. तिथे 5 ऑक्टोबरला घड्याळं पुढे जाणार होती, म्हणजे तेही आपल्याहून साडेचारऐवजी साडेपाच तास पुढे.

खरी मेख न्यू जर्सीत होती. अमेरिकेत घड्याळं मागे जातात ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, रात्री दोनला. त्या वर्षी तो रविवार म्हणजे नेमका 2 नोव्हेंबर! आमचा संकल्प त्यांच्याकडे मध्यरात्री 12 ला, औक्षण 1:45 ला, आणि पंधरा मिनिटांनी दोन वाजले की घड्याळ पुन्हा एकवर. म्हणजे त्या रात्री दादाच्या घरात ‘पावणेदोन’ दोनदा वाजणार. आणि गुरुजींना अर्धा तास उशीर झाला, तर औक्षण 1:15 ला होणार. घड्याळात बघणाऱ्याला वाटेल, हे तर आधीच होऊन गेलं. कॅलिफोर्नियातल्या आत्याला ही अडचण नव्हती. तिच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र, आणि तिचं घड्याळ मागे जाईपर्यंत आमच्याकडे दुपारचे अडीच वाजणार होते.

‘रात्री 12’ या शब्दांनीही घोळ होतो. आपल्या बोलण्यात शनिवारची रात्र रविवारी उजाडेपर्यंत शनिवारचीच असते. कॅलेंडर मात्र बाराला वार बदलतं. ‘रविवारी रात्री 12’ वाचून कोणी एक अख्खा दिवस उशिरा येऊ शकतं. म्हणून लिंक सव्वानऊला उघडायची ठरवली. न्यू जर्सीत तेव्हा शनिवार रात्रीचे 11:45 असतात, त्यात शंकेला जागा नाही. तारीखही आकड्यांत 2/11 अशी लिहिली नाही, कारण अमेरिकेतली मुलं ते 11 फेब्रुवारी असं वाचतात. ‘आयएसटी’ हे लघुरूपही टाळलं. आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही तेच म्हणतात.

मेलचा मुख्य भाग असा गेला:

> बाबांचं सहस्रचंद्रदर्शन: रविवार, 2 नोव्हेंबर 2025, सकाळी 9:30 (भारतातली वेळ, यूटीसी +5:30)
>
> लिंक पंधरा मिनिटं आधी उघडेल. खाली प्रत्येकाच्या आपल्या गावची वेळ आहे, काही मिळवू-वजा करू नका.
>
> सॅन होजे: शनिवार 1 नोव्हेंबर, रात्री 9:00. औक्षण रात्री 10:45.
>
> न्यू जर्सी: शनिवारी रात्री 11:45 ला लिंकवर या, 12 ला संकल्प. औक्षण त्याच रात्री 1:45 ला (तारीख 2 नोव्हेंबर, घड्याळ मागे जाण्याआधी). उशीर झाला तर तुमचं घड्याळ पुन्हा 1:00 पासून मोजेल. तेव्हा घड्याळाकडे बघू नका, लिंक चालू ठेवा.
>
> लंडन: रविवार 2 नोव्हेंबर, पहाटे 4:00. औक्षण पहाटे 5:45.
>
> मेलबर्न: रविवार 2 नोव्हेंबर, दुपारी 3:00. औक्षण दुपारी 4:45.
>
> उत्तरात तुमच्या घड्याळातली वेळ आणि वार लिहून पाठवा.

सोबत कॅलेंडरचं आमंत्रण जोडलं. त्यात वेळेचा विभाग `Asia/Kolkata` निवडला, म्हणजे प्रत्येकाच्या फोनवर ते आपोआप त्याच्या वेळेला बसतं. पण सत्तरी ओलांडलेल्या आत्याने मेलचा कागद छापून फ्रिजवर लावला होता, म्हणून मजकुरात वेळ लिहिलेली हवीच.

शेवटची ओळ सर्वांत उपयोगी पडली. नुसतं ‘येतो’ असं उत्तर आलं असतं, तर काहीच कळलं नसतं. लंडनच्या चुलतभावाने लिहिलं, “ताई, पहाटे पाच ना? तू चार लिहिलंयस.” त्याने फोनमध्ये त्या दिवसाचा फरक बघितला होता. मी त्याला 26 ऑक्टोबरची आठवण दिली आणि आठवडाभर आधी पुन्हा एकदा मेल पाठवली. तोवर लंडन आणि मेलबर्नची घड्याळं बदलून झाली होती, त्यामुळे त्यांना फोनवरही तोच फरक दिसू लागला.

त्या दिवशी होम लांबला. औक्षणाला 11:40 झाले. दादा-वहिनी सुरुवातीपासून जागे होते, वहिनींनी तिकडे निरांजन लावून ठेवलं होतं. बाबा पाटावर बसले आणि स्क्रीनकडे बघून त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे किती वाजले रे?”

“एक दहा, बाबा,” दादा म्हणाला. “दुसऱ्यांदा.”

मग मी ताम्हण हातात घेतलं, आणि वहिनींनी तिकडून निरांजन उचललं.