सीआरसी-८ ब्रेडबोर्डवर, नोंद ३: बिघडलेली बाकी शून्यावर का येत नाही

मंडळाची सध्याची स्थिती: भाजक x^8 + x^2 + x + 1, म्हणजे 0x07. एसएमबसच्या पॅकेट तपासणीत हाच भाजक वापरतात. आठ फ्लिप-फ्लॉपसाठी एक 74HC273, एक्सॉरसाठी एक 74HC86, क्लॉकच्या बटणासाठी एक 74HC14. प्रत्येक Q वर १ किलोओहमच्या रोधासह एक लाल एलईडी (५ व्होल्टवर साधारण ३ मिलिअँपिअर). प्रत्येक आयसीच्या पुरवठ्यावर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

74HC86 मधली तीनच गेट लागतात, कारण भाजकात x^8 सोडून तीन पदं आहेत. चौथ्या गेटच्या इनपुट पिना आणि 74HC14 ची न वापरलेली इनपुटं ग्राउंडला बांधा. एचसी आयसीची इनपुटं मोकळी ठेवायची नाहीत.

एका तारेवर दोन जोडण्या

इनपुट बिट आणि Q7 यांचा एक्सॉर D0 ला जातो. Q0 आणि W यांचा एक्सॉर D1 ला, Q1 आणि W यांचा D2 ला. बाकी सगळे Q सरळ पुढच्या D ला. आता W कुठून घ्यायची एवढाच प्रश्न उरतो. ती Q7 वरून घेतली तर संदेश रजिस्टरच्या शेपटाकडून आत शिरतो. पहिल्या गेटच्या आउटपुटवरून घेतली तर तो जणू डोक्याकडून मिळवला जातो. एकच जंपर हलवून दोन्ही पाहता येतं, म्हणून तो बोर्डवर काढता-घालता येईल असा ठेवला आहे.

शेपूट-जोडणी म्हणजे कागदावरचा भागाकारच. वरचा बिट १ असून बाहेर पडला की भाजक वजा होतो, आणि इथे वजाबाकी म्हणजे एक्सॉर, त्यामुळे हातचा घ्यावा लागत नाही. संदेश संपल्यावर मात्र आठ शून्यं ढकलावी लागतात, नाहीतर शेवटचे आठ बिट भागलेच जात नाहीत. डोके-जोडणीत ती आठ शून्यं लागत नाहीत. शेवटच्या बिटाबरोबर बाकी तयार असते.

0xC2 हा एक बाइट (1100 0010) डोके-जोडणीत, रजिस्टर क्लिअर करून:

```
bit   reg
 -    00
 1    07
 1    09
 0    12
 0    24
 0    48
 0    90
 1    20
 0    40
```

सातव्या घडीकडे नीट पाहा. रजिस्टर 90 आहे, म्हणजे Q7 पेटलेला आहे, आणि येणारा बिटही १ आहे. दोघं एकमेकांना खोडतात, भाजक वजा होत नाही आणि नुसतं सरकून 20 मिळतं. फक्त पहिल्या गेटच्या जागी एक्सॉरऐवजी चुकून ऑर गेट (74HC32 मधलं) जोडलं असेल तर पहिल्या ओळी बरोबर येऊनही नेमकी याच ओळीवर गाडी घसरते. चाचणीसाठी 0xC2 निवडण्याचं कारण तेच.

बाकी 40. शेवटी 40 ऐवजी C2 दिसलं तर जंपर शेपटाकडे आहे आणि आठ शून्यं द्यायची राहिली आहेत. C7 दिसलं तर जंपर डोक्याकडे असूनही आठ शून्यं जास्तीची दिली गेली आहेत.

74HC273 च्या पिनांचा क्रम फसवा आहे. Q0 पिन २, D0 पिन ३, मग लगेच D1 पिन ४, Q1 पिन ५, पुन्हा Q2 पिन ६, D2 पिन ७. जोड्या आरशात पाहिल्यासारख्या आलटून पालटून उलटतात. नजरेच्या अंदाजाने तारा खोचल्या तर एखाद्या टप्प्याचा Q त्याच्याच D ला लागतो आणि तो एलईडी क्लिअर केल्यापासून जो विझतो तो पेटतच नाही. पिन १ (क्लिअर) १० किलोओहमने पुरवठ्याला ओढून ठेवा. बटणाने ती ग्राउंडला नेली की रजिस्टर शून्य.

क्लॉकचं बटण १० किलोओहम पुल-अप आणि १ मायक्रोफॅरडसह 74HC14 मधून पिन ११ ला, बटणाच्या मालिकेत १०० ओहम. कपॅसिटर नसेल तर एका दाबात दोन-तीन कडा जातात. ओळखायचं कसं? जंपर शेपटाकडे ठेवून एक १ आत घाला, मग इनपुट ० ठेवून दाबत राहा. दिवा दर दाबाला एकच घर सरकला पाहिजे. इनपुटच्या स्विचला हे सोपस्कार लागत नाहीत, कारण तो फक्त क्लॉकच्या चढत्या कडेला वाचला जातो. क्लॉक दाबण्याआधी तो ठरलेला असला की पुरे.

आता बर्स्ट

प्रेषक C2 40 पाठवतो. ग्राहकाने सोळाही बिट रजिस्टरमधून नेले तर दोन्ही जोडण्यांत बाकी शून्य येते. वाटेत बिघाड झाला तर आलेला शब्द म्हणजे मूळ शब्द आणि बिघाडाचा नमुना यांचा एक्सॉर. मंडळात एक्सॉरशिवाय काही नाही, त्यामुळे बाकीही दोघांच्या बाक्यांचा एक्सॉर असते. मूळ शब्दाची बाकी शून्य, म्हणजे उरते ती निव्वळ बिघाडाची बाकी. म्हणून संदेश बाजूला ठेवून नुसता बिघाड शेपूट-जोडणीतून सोडून पाहता येतो, आणि सगळं गुपित तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

सहा बिट लांबीचा बर्स्ट घेऊ: 101101. लांबी मोजायची ती पहिल्या चुकलेल्या बिटापासून शेवटच्या चुकलेल्या बिटापर्यंत. मधले काही बिट शाबूत असले तरी चालतं. सोळा बिटांत त्याची जागा 0x1680 अशी, म्हणजे आलेला शब्द D4 C0.

```
0 0 0         00
1 0 1 1 0 1   01 02 05 0B 16 2D
0 0 0 0 0 0 0 5A B4 6F DE BB 71 E2
```

बर्स्ट पूर्ण आत आला तेव्हा रजिस्टरमध्ये 2D आहे, म्हणजे 101101, जसाच्या तसा. आठ घरांत सहा बिट आरामात मावले, Q7 पर्यंत काही पोचलंच नाही, म्हणून भाजक एकदाही वजा झाला नाही. बर्स्ट आठ बिटांचा असता तरी मावला असता. त्या क्षणी रजिस्टर शून्य नाही, हे नक्की.

पुढची शून्यं आत येताना ते कधीतरी शून्य होईल का? नाही, आणि याचं श्रेय भाजकातल्या शेवटच्या +1 ला आहे. इनपुट ० असताना नवा Q0 म्हणजे जुना Q7. त्यामुळे कोणत्याही स्थितीवरून मागची स्थिती एकमेव ठरते. 71 घ्या: Q0 पेटलेला आहे, म्हणजे आत्ताच भाजक वजा झाला. 07 परत मिळवा, 76 आलं; उजवीकडे सरकवा आणि वर १ ठेवा, BB. तक्त्यात 71 च्या आधी BB च आहे. 00 वरून असंच मागे गेलं तर फक्त 00 मिळतं. मग शून्य नसलेली स्थिती शून्यावर येणार कुठून? संदेश कितीही लांब असो, आठ बिटांपर्यंतचा एकच बर्स्ट सुटत नाही. शंभर टक्के, संभाव्यतेची भाषाच नाही.

नववा बिट आला की मात्र खात्री संपते. आठ घरं भरलेली, पहिला चुकलेला बिट Q7 मधून बाहेर पडतो आणि भाजक वजा होतो. आत असलेला नमुना भाजकाशी तंतोतंत जुळला, 1 0000 0111, तर सगळं पुसलं जातं. नऊ बिटांच्या बर्स्टची दोन्ही टोकं १ असतात, मधले सात बिट मोकळे. म्हणजे १२८ नमुन्यांपैकी नेमका एक सुटतो. C2 40 मध्ये 0838 मिळवा, CA 78 मिळेल. ते रजिस्टरमधून न्या, आठही दिवे विझतील. नऊपेक्षा लांब बर्स्टचे सगळे नमुने सारखेच संभाव्य धरले तर २५६ पैकी एक सुटतो. (या भाजकाला x + 1 ने नि:शेष भाग जातो, म्हणून विषम संख्येने बिट चुकले असतील तर तो बर्स्ट कितीही लांब असला तरी सापडतो. सुटतात ते सगळे सम चुकांचे.)

बिटांचा क्रम: हमी इथे गळते

वरचा सगळा युक्तिवाद एका गोष्टीवर उभा आहे: बिट तारेवरून ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने रजिस्टरमध्ये शिरले. यूआर्ट प्रत्येक बाइटचा सर्वात खालचा बिट आधी पाठवतो. सीआरसीचे प्रोग्राम मात्र 0x07 साठी बहुधा वरच्या बिटापासून सुरू करतात. दोन्ही एकत्र आले तर तारेवरचा सलग बर्स्ट बाइटच्या सीमेवर फाटतो. आधीच्या बाइटचा तारेवर शेवटी गेलेला भाग रजिस्टरला आधी मिळतो, पुढच्या बाइटचा आधी गेलेला भाग शेवटी, आणि आठचा बर्स्ट रजिस्टरला जवळजवळ दोन बाइटभर पसरलेला दिसतो.

हे नुसतं तात्त्विक नाही. बिघाडाचा नमुना D8 06 घ्या. तारेवर खालचा बिट आधी:

```
D8: 0 0 0 1 1 0 1 1
06: 0 1 1 0 0 0 0 0
```

स्टार्ट-स्टॉप बिट सोडले तर पहिल्या चुकीपासून शेवटच्या चुकीपर्यंत बरोबर आठ बिट. हमीच्या आतला बर्स्ट. पण वरच्या बिटापासून मोजलेली 0xD8 ची सीआरसी 06 च येते, म्हणजे या बिघाडाची बाकी शून्य. C2 40 चं 1A 46 होतं आणि ग्राहक ते बिनतक्रार स्वीकारतो. बोर्डवर करून पाहा: 1A आणि 46 वरच्या बिटापासून आत द्या, सगळे दिवे विझलेले.

हार्डवेअरमध्ये उपाय सोपा: बाइटचा विचारच करू नका, तारेवरचा बिट जसा येईल तसा रजिस्टरला द्या. प्रेषकाने सीआरसी मात्र Q7 पासून तारेवर सोडायची. सॉफ्टवेअरमध्ये याचाच आरसा लागतो: रजिस्टर उजवीकडे सरकवा आणि भाजक 07 ऐवजी उलटा, 0xE0.

पुढची जोडणी

क्लिअर केलेल्या रजिस्टरला सुरुवातीची शून्यं कळत नाहीत. संदेशाच्या आधी एक शून्य जास्त आलं किंवा हरवलं तरी 00 चं 00 च राहतं. म्हणून अनेक प्रोटोकॉल FF पासून सुरुवात करतात. 74HC273 ला क्लिअर आहे, प्रीसेट नाही. त्यासाठी आठ फ्लिप-फ्लॉप बदलायची गरज नाही: डोके-जोडणीत क्लिअर करून आधी 0x48 हा बाइट वरच्या बिटापासून आत द्यायचा. आठव्या दाबाला सगळे दिवे पेटतात, आणि तिथून खरा संदेश सुरू करायचा. प्रेषक आणि ग्राहक दोघांनीही हेच करायचं. 0x48 तारेवर जात नाही, आणि बरोबर शब्दाची बाकी शेवटी पूर्वीसारखीच 00 येते.