तुम्ही विचारलंत म्हणून: व्हीपीएनवाल्याला तुमचा पत्ता कसा कळतो

"दादा, व्हीपीएन लावलं की सगळं एन्क्रिप्ट होतं ना? मग जो आयपी वेबसाइटला दिसत नाही तो व्हीपीएनवाल्याला तरी कसा दिसेल?"

कारण उत्तर परत तुमच्याकडेच यायचं असतं. खरं तर एवढंच आहे, पण एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही, मग "अरे पण एन्क्रिप्शन?" सुरू होतं, म्हणून आज एकदाचं सगळं लिहून टाकतो.

एन्क्रिप्ट होतं ते पाकिटाच्या आतलं. फोनने वेबसाइटसाठी काढलेलं पॅकेट अख्खंच्या अख्खं दुसऱ्या एका पॅकेटमध्ये बंद होतं आणि त्या बाहेरच्या पॅकेटवर दोन पत्ते उघडे असतात, कुठून निघालं आणि कुठे चाललंय, म्हणजे तुमच्या ब्रॉडबँडचा आयपी आणि व्हीपीएनचा सर्व्हर. मधल्या राउटरना ते वाचावे लागतात. "कुठून" मध्ये खोटा पत्ता टाकलात तर सर्व्हरचं उत्तर भलत्याच्याच दारात जाईल आणि कनेक्शन जुळणारच नाही. सर्व्हर बाहेरचं पाकीट फोडतो, आतल्यावर स्वतःचा पत्ता घालून पुढे पाठवतो, म्हणून वेबसाइटला फक्त सर्व्हर दिसतो. आणि वेबसाइटचं उत्तर आलं की ते कोणाचं हे सर्व्हरला आठवायला लागतं. त्याने ते विसरायचं ठरवलं तर तुमचं पान उघडणार नाही.

"पण ते लॉग ठेवत नाहीत म्हणतात." हो, मीसुद्धा हेच म्हणायचो. घरच्यांसाठी भाड्याच्या सर्व्हरवर वायरगार्ड नावाचं व्हीपीएन सॉफ्टवेअर लावलं तेव्हा मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं की मी काही साठवत नाही, मला काही कळणार नाही. पहिलं खरं होतं.

एक दिवस चुलत भावाने मेसेज केला, नेट स्लो आहे बघ जरा. सकाळचे अकरा वाजले होते. मी सर्व्हरवर `wg show` मारलं. त्याची नोंद साधारण अशी होती (पत्ता इथे बदललाय):

```
endpoint: 203.0.113.45:41872
allowed ips: 10.8.0.3/32
latest handshake: 48 seconds ago
```

यात लॉग कुठेच नाही, डिस्कवर एक अक्षर नाही. `endpoint` म्हणजे त्याचं शेवटचं खरं पॅकेट ज्या पत्त्यावरून आलं तो पत्ता. फोनने वायफाय बदललं की तो आपोआप बदलतो, कारण बदलला नाही तर उत्तरं जुन्या जागी जातील. मागे कधीतरी असंच काही दुरुस्त करताना मी त्याचा दिवसाचा पत्ता `whois` ला टाकून बघितला होता, त्याच्या कंपनीच्या नावावर निघाला होता. रात्रीचा घरच्या ब्रॉडबँडचा. आज अकरा वाजता घरचाच होता. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

रविवारी काकूंचा फोन आला तेव्हा मी सहज बोलून गेलो, "हा आठवडाभर घरूनच काम करतोय वाटतं?" काकू म्हणाल्या, "नाही रे, रोज डबा घेऊन जातो की." तो त्या दिवसांत डबा घेऊन जायचा, काका-काकू दुकानात गेले की परत यायचा. नोकरी जाऊन तीन आठवडे झाले होते. ते त्याने स्वतः सांगायचं होतं, ते माझ्या तोंडून गेलं.

मी मुद्दाम बघत नव्हतो, हे मी त्याला दहा वेळा सांगितलं. तो म्हणाला, "तू तर म्हणालेलास तुला दिसत नाही." आणि पहिल्या दिवशी नेट दुरुस्त करायला बघितलं असेल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी का बघितलं याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तर "नो लॉग" म्हणजे आम्ही लिहून ठेवणार नाही, एवढंच. दिसत नाही असं नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला भारतातल्या व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची नावं, आयपी वगैरे पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हरच काढून टाकले. पत्ता त्यांच्या हातात येतच नसता तर काढायची वेळच आली नसती.

टॉर नावाच्या नेटवर्कमध्ये तुमचं पॅकेट एकामागून एक अशा अनेक सर्व्हरमधून, म्हणजे रिलेंमधून जातं, आणि हे त्यांच्यात वाटून टाकलेलं असतं. पहिल्या रिलेला तुम्ही कोण ते कळतं, शेवटच्याला कुठे चाललात ते, आणि रिले वेगवेगळ्या लोकांचे असतात. व्हीपीएनमध्ये दोन्ही टोकं एकाच हातात. दोन हॉप घेतले तरी दोन्ही सर्व्हर त्याच कंपनीचे असतील तर तेच.

मग वापरू नका म्हणू का? मी स्वतः वापरतो, दुसऱ्यांना लावूनही देतो, फक्त आता "मला दिसतं" हे आधी सांगतो, तरी लोक हो म्हणतात, आणि ते मला बरं वाटतं की वाईट ते कळत नाही. भावाची व्हीपीएन-की मी सर्व्हरवरून काढलेली नाही. मागच्या आठवड्यात सर्व्हर रीस्टार्ट केला, आता त्याच्या नोंदीत `endpoint` ची ओळच येत नाही, नुसती की आणि `allowed ips`.