‘हो चालेल’ नेमकं कशाला?

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या आमच्या दुकानात कोर्टाच्या तारखेआधी जी गर्दी होते, त्यात निम्मे लोक ‘व्हॉट्सॲपचं सगळं काढून द्या’ म्हणत येतात. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार असेच आले. त्यांच्याकडे एक झिप फाइल आधीच होती. पुतण्यानं सेटिंग्जमधून अकाउंटची माहिती मागवली होती, तीन दिवस थांबून ती उतरवली होती. उघडली तर आत प्रोफाइल, सेटिंग्ज, कॉन्टॅक्टचे नंबर, ग्रुपची नावं. मेसेज एकही नाही. असणारही नाही, कारण तो अहवाल कंपनीच्या सर्व्हरवरून येतो आणि मेसेज असतात फोनमध्ये. गप्पांची फाइल हवी तर ती चॅट उघडून, वरच्या तीन ठिपक्यांतून ‘अधिक’ आणि मग ‘एक्सपोर्ट चॅट’. एका वेळी एकच चॅट निघते.

ज्या व्यापाऱ्याशी भावावरून वाद होता, त्याची चॅट मीडियासकट काढली. मीडियाशिवाय काढली असती, तर द्राक्षाच्या धंद्यात हाती काही लागलं नसतं. भाव ठरतो व्हॉइस मेसेजवर, आणि त्या जागी फाइलीत नुसतं `<Media omitted>` येतं. मीडियासकट काढल्यावर `PTT-20250214-WA0003.opus` अशी फाइल सोबत येते. नावातच तारीख असते. मात्र फोनमधून आधीच पुसलेली ऑडिओ किंवा फोटो एक्सपोर्ट कुठून आणणार?

पहिली ओळ मी नेहमी बघतो. तिथं मेसेज एन्क्रिप्टेड असल्याची सूचना असेल, तर फाइल बहुतेक चॅटच्या सुरुवातीपासूनची आहे. मधूनच ‘गाडी निघाली’ने सुरू झाली, तर मागचं काहीतरी राहिलं. इथं सूचना होती. मी खूश. प्रिंट काढायला घेतली, तेवढ्यात बागायतदारांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

```
14/02/25, 8:52 pm - पिंपळगाव पार्टी: 46 ने परवा गाडी लावतो
14/02/25, 8:53 pm - पिंपळगाव पार्टी: नाहीतर 41 ने उद्याच, पेमेंट रोख
14/02/25, 8:58 pm - नाना: हो चालेल
```

“भाऊ, हे तर मी एक्केचाळीसला हो म्हटल्यासारखं दिसतंय. मी शेहेचाळीसला हो म्हटलं होतं.”

फोन उघडला. खरंच, ‘हो चालेल’च्या वर त्याच बुडबुड्यात ४६ चा मेसेज दिसत होता. त्यांनी तो मेसेज सरकवून त्यालाच उत्तर दिलं होतं. एक्सपोर्टच्या मजकुरात हा धागा येत नाही. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, नाव आणि शब्द, बस्स. उत्तर कुठल्या मेसेजला, हे कुठेच नोंदलेलं नाही. इमोजीची प्रतिक्रिया येत नाही, निळ्या टिकाही नाहीत. किलोमागे पाच रुपयांचा फरक होता, आणि आमची छापील प्रत, एकही अक्षर न बदलता, व्यापाऱ्याची बाजू मांडत होती.

दुसरी गोष्ट नावाची. ‘पिंपळगाव पार्टी’ हे नाव व्यापाऱ्यानं घेतलेलं नाही, ते नानांच्या फोनबुकातलं. सेव्ह केलेलं नाव बदलून पुन्हा एक्सपोर्ट केलं की जुन्या ओळींवरही नवं नाव येतं. म्हणून नंबर वेगळा दाखवावाच लागतो. फोनवर कॉन्टॅक्टचा तपशील उघडून तो नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घेतला.

मग आम्ही असं केलं. मूळ झिप जशीच्या तशी वेगळी ठेवली. ती दुसऱ्या फोनवर चॅटमध्ये परत घालता येत नाही, पण पुरावा म्हणून उपयोगाची असते. तिचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा, विंडोजवर काढला:

```
certutil -hashfile chat.zip SHA256
```

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हा आकडा भरायचा असतो. मग दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यानं व्हिडिओ काढला: चॅट वर सरकवत १४ फेब्रुवारीपर्यंत जायचं, ‘हो चालेल’वर थांबायचं आणि वरच्या कोट केलेल्या मजकुरावर बोट टेकवायचं. टेकवलं की चॅट आपोआप मूळ मेसेजवर उडी मारते आणि तो क्षणभर ठळक होतो. कोट कुठल्या मेसेजला आहे हे त्याहून स्पष्ट दाखवता येत नाही. शेवटी नानांना बजावलं: हा फोन बदलू नका, रिसेट करू नका, ती चॅट पुसू नका. फाइल हरवली तर पुन्हा काढता येईल, धागा फक्त इथं आहे.

वकीलसाहेबांच्या कारकुनाला हे सगळं नको होतं. “टेक्स्ट द्या, पानं मोजून लावायला सोपी.” सोपी खरीच. गेल्या दोन वर्षांत अशी किती टेक्स्ट मी स्वतः छापून दिली, कुणी बोट ठेवलं नाही म्हणून पुढं गेली, ते आठवत बसलोय. आता फाइल काढण्याआधी विचारतो: ज्या मेसेजवर दावा आहे, तो दुसरा एखादा मेसेज सरकवून दिलेलं उत्तर आहे का? दहापैकी निम्मे तरी थांबून फोन उघडतात.