फिलाडेल्फियातली आडवी मुतारी

न्यू जर्सीतल्या एडिसनला मावसभावाकडे उतरले होते. शनिवारी आम्ही ट्रेंटनला गाडी बदलून फिलाडेल्फिया गाठलं. म्युझियमची बाकीची दालनं मी जवळजवळ पळतच ओलांडली, कारण मला मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराची मुतारी बघायची होती.

पांढरी, गुळगुळीत, चिनीमातीची. भिंतीला लागणारी बाजू खाली, म्हणजे पाठीवर निजवलेली. कडेला काळ्या रंगात सही: आर. मट, १९१७. नाव ‘फाउंटन’, कारंजं.

भाऊ बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “ताई, एसटी स्टँडवर असते तीच ना ही? मग ही कला कशी?”

मी त्याला १९१७ च्या न्यूयॉर्कमध्ये नेलं. तिथल्या स्वतंत्र कलाकारांच्या संस्थेने जाहीर केलं होतं की सहा डॉलर भरा आणि काम मांडा. परीक्षक नाहीत, बक्षीस नाही. द्युशाँ स्वतः संचालक मंडळावर होता. त्याने आर. मट या खोट्या नावाने ही वस्तू पाठवली. पैसे भरलेले असूनही मंडळाने ती मांडू दिली नाही आणि द्युशाँने राजीनामा दिला. ज्यांनी परीक्षक नकोत म्हटलं, तेच परीक्षक होऊन बसले. माझ्या मते त्या नकारानेच ही कृती पुरी झाली. त्याच्या बाजूने छापलेल्या लेखातला मुद्दा असा होता की मट यांनी ती हाताने घडवली की नाही याला महत्त्व नाही. त्यांनी ती निवडली, तिचा उपयोग नव्या नावामागे नाहीसा केला आणि त्या वस्तूसाठी नवा विचार निर्माण केला.

“म्हणजे ही तीच?”

नाही. मूळ मुतारी हरवली. उरला तो आल्फ्रेड स्टिग्लिट्झने काढलेला फोटो. आमच्यासमोरची पॅरिसमध्ये जुनी विकत घेतलेली, तिच्यावर द्युशाँने १९५० साली सही केली. १९६४ मध्ये मिलानच्या एका गॅलरीसाठी आठ प्रतींचा संच निघाला, तो तर फोटोवरून मुद्दाम घडवून घेतलेला. बाजारातून उचललेली वस्तू म्हणून गाजलेली गोष्ट शेवटी शिल्पासारखी कारागिरांकडून करून घ्यावी लागली! मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कला त्या चिनीमातीत असती, तर मूळ वस्तूबरोबरच गेली असती.

भावाने दालनाच्या भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याकडे बोट केलं. “मग हेही?”

प्रश्न रास्त होता. म्युझियमच्या भिंतीने काम भागत असतं, तर तेही कला ठरलं असतं. पण ते तिथे आग विझवण्यासाठीच आहे. कुणी ते त्या कामातून सोडवलेलं नाही, त्याला दुसरं नाव दिलेलं नाही, ‘हे माझं काम, आता बोला’ असं म्हणून कुणापुढे ठेवलेलं नाही. मुतारीच्या बाबतीत हे सगळं घडलं, आणि तेही ज्यांना उत्तर देणं भाग होतं अशा माणसांपुढे.

त्याला पूर्ण पटलं नाही. पण निघताना तो मागे वळला, मान वाकडी करून ती उभी असती तर कशी दिसली असती ते बघू लागला, आणि मीही त्याच्या शेजारी जाऊन मान वाकडी केली.