पगार वाढला, जेवणही वाढलं, पण वाटा घटला

एंगेलचा नियम सांगितला की अर्धे लोक तो उलटाच ऐकतात. श्रीमंत लोक खाण्यावर कमी खर्च करतात, असं काहीतरी. अहो कमी कुठला, उलट जास्तच करतात! कमी होतो तो वाटा, म्हणजे कमाईतले किती टक्के पोटासाठी गेले तो आकडा. (आणि हा एंगेल म्हणजे मार्क्सचा दोस्त नव्हे, तो एंगेल्स. हा अर्न्स्ट एंगेल, जर्मनीतल्या सॅक्सनीच्या स्टॅटिस्टिक्स ऑफिसचा प्रमुख, 1857 साली नियम मांडणारा.)

गंमत म्हणजे नियम सॅक्सनीतल्या माणसाचा आणि वह्या बेल्जियमच्या कामगारांच्या. ड्युकपेसिओ नावाच्या गृहस्थाने तिथल्या कामगार कुटुंबांचे खर्चाचे हिशोब गोळा केले होते आणि त्यांचे तीन गट पाडले होते, मदतीवर जगणारे, मदतीशिवाय कसेबसे भागवणारे आणि जरा बरे चाललेले. पहिल्या गटाचे साधारण 71 टक्के खाण्यात जायचे आणि तिसऱ्याचे 62. फरक फार मोठा नाही, पण उतार स्पष्ट दिसतो आणि एंगेलने तोच पकडला.

आता हे होतं का, तर नुसतं "पोटाला मर्यादा आहे" म्हणून भागत नाही. पोट भरलं तरी माणूस थांबत नाही, तो जास्त खाण्याऐवजी महाग खायला लागतो, चव, ताजेपणा, निवड, दुसऱ्याने रांधलेलं. म्हणूनच खाण्याचा खर्च वाढतच राहतो, कॅलरीज मात्र त्याच्यापेक्षा खूप हळू वाढतात. पण महाग खाण्यालाही शेवट असतो, आणि घर, कपडे, प्रवास, शिक्षण यांची यादी मात्र संपतच नाही. समजा एका जोडप्याची कमाई 100 आणि त्यातले 40 खाण्यात जातात. पुढच्या प्रत्येक 100 मधले 20 च ते खाण्यावर घालतात. कमाई 200 झाली की खाण्यावर 60, म्हणजे रक्कम दीडपट झाली आणि वाटा 40 वरून 30 टक्क्यांवर आला. एवढंच. अगदी तळाशी मात्र हे लगेच सुरू होतं असं नाही, अर्धपोटी घराला दोन पैसे जास्त मिळाले तर ते आधी पोटातच जातात आणि वाटा तिथल्या तिथेच राहू शकतो.

इथपर्यंत सगळं छान, खरी मजा पुढे आहे. लोकांना वाटलं, अरे मग हा वाटा म्हणजे सुखवस्तूपणाची मोजपट्टीच झाली की. दोन घरांचा वाटा सारखा असेल तर दोघं सारखीच सुस्थितीत! आणि मग मूल झालं की घराला किती जास्त पैसे लागतात हेही त्यातून काढता येईल, वाटा मूल नव्हतं तेव्हाइतका होईपर्यंत पैसे वाढवत जायचे.

मला हे वाचताना आधी पटलंच होतं, इतकं साधं दिसतं ते. पण आपलंच जोडपं घ्या. त्यांना बाळ झालं, आणि समजा आपल्याला देवासारखं आतून माहितीये की 20 जास्त दिले की ते पूर्वीइतकेच सुखात राहतील. त्या 20 मधले 12 बाळाच्या खाण्यात जातात, कारण त्या वयात खाण्याशिवाय फारशा गरजा नसतातच, ना प्रवास ना हौस. आता कमाई 120, खाणं 52, वाटा 43 टक्क्यांच्या वर. मोजपट्टी लगेच ओरडते, हे घर गरीब झालं! मग 40 टक्क्यांवर आणायला अजून 20 द्यावे लागतात (कमाई 140, खाणं 52 अधिक 4, म्हणजे 56, करून बघा), म्हणजे 20 च्या जागी 40. थेट दुप्पट, आणि ते घर आधीच ठीक होतं.

निकोल्सन नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1976 मध्ये नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं. घराची स्थिती तीच असली तरी खाणारं तोंड वेगळं असलं की वाटा हलतो, मग त्या वाट्याने दोन वेगळ्या आकाराची घरं तोलायची कशी? त्याच्या आधीच, 1943 मध्ये, रॉथबार्थ नावाच्या अर्थतज्ज्ञाने दुसरा रस्ता सुचवला होता. खाणं बघूच नका, फक्त मोठ्यांच्याच कामाच्या वस्तूंवर, उदाहरणार्थ त्यांच्या कपड्यांवर, किती खर्च होतोय ते बघा, आणि तो पूर्वीइतका होईपर्यंत पैसे वाढवा. माझ्या मते हे जास्त शहाणपणाचं आहे, पण तेही बिनचूक नाही, कारण मूल झाल्यावर आईबापांच्या आवडीच बदलल्या तर हीही पट्टी वाकडी होते, आणि शिवाय मुलाच्या खर्चाचा आकडा साधारण कमीच यायचा धोका असतो. त्यामुळे मुलाचा खर्च अमुकच असं कोणी वाट्यावरून छातीठोकपणे सांगायला लागलं की मी आधी विचारते, मूल केवढं आहे?