शुड म्हणजे 'करावे' नव्हे

परवा इथं परदेशात, इंग्रजी बोलणाऱ्यांच्या ऑफिसात, माझ्या एका ओळीच्या मेलनं एका चांगल्या बाईचं मन दुखवलं. लिहिलं होतं, 'प्लीज, यू शुड सेंड मी द स्टॉक रिपोर्ट बाय फ्रायडे.' प्लीज लावलं होतं, मग अजून काय पाहिजे? दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली, वयानं माझ्या आईएवढी, आणि हळूच विचारलं की माझं काही चुकलं का, रिपोर्ट तर सोमवारी द्यायचा ठरला होता ना.

रात्रभर तेच डोक्यात. मग कळलं हा शुड कुठून आला. आमचे बाबा परभणीत तहसीलला अर्ज लिहितात, 'अर्ज मंजूर करावा ही नम्र विनंती', लग्नपत्रिकेत असतं 'अगत्य येण्याचे करावे'. आपल्याकडं हे 'करावे' सगळ्यात अदबीचं, आणि शाळेत त्याचं इंग्रजी शुड असंच पाठ करून घेतलेलं, 'खरे बोलावे' म्हणजे वन शुड स्पीक द ट्रुथ. उपदेशाला ते बरोबरच आहे. पण तेच विनंतीत घातलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हे तुझं कामच आहे आणि तू ते केलं नाहीस. प्लीज लावून ते मऊ होत नाही, उलट जास्त टोचतं.

विनंतीला इथं कुड यू. कॅन यू सुद्धा चालतं, रोजच्या ओळखीत त्यात उद्धट काही नाही, पण कुड म्हटलं की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. आम्हाला शिकवलं कुड म्हणजे कॅनचा भूतकाळ, इथं मात्र काळाचा संबंधच नाही. आपण नाही का म्हणत, 'सर, जरा विचारायचं होतं', विचारायचं तर आत्ताच असतं! फक्त उत्तर देताना 'येस, आय कॅन' म्हणायचं, 'आय कुड' नाही.

मे शाळेतून आणला तोही अर्धाच. वर्गाच्या दारातलं 'मे आय कम इन सर' इथंही बरोबर आहे, जरासं औपचारिक. पण 'मे यू सेंड' असं विनंती म्हणून कुणी म्हणत नाही, आणि 'यू मे सेंड इट टुमॉरो' म्हटलं तर आपणच तिला परवानगी देतोय असं होतं. सल्ला देतानाही तसंच, 'यू कुड आस्क हिम' म्हणजे एक मार्ग सुचवला, 'यू शुड आस्क हिम' म्हणजे हेच कर, जवळच्या माणसाला ते मायेनं म्हणता येतं.

पण एक सांगतो, आपली माणसं उद्धट नाहीत. 'मालक, एक किलो दाळ द्या की जरा', यात प्लीज कुठंच नाही, पण त्या 'जरा'त आणि 'द्या की'त केवढं आर्जव आहे. इथल्यांना ते कळत नाही आणि शिकायचं मात्र आपणच, हे मला खटकतं, खोटं कशाला बोलू.

तिची माफी मागितली. मग नवीन मेल केला, 'कुड यू सेंड मी द स्टॉक रिपोर्ट बाय फ्रायडे, इफ इट्स रेडी?' गुरुवारीच रिपोर्ट आला.