तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तुम्ही’ आणि ‘तू’च्या मधली जागा

‘ओळख वाढली की मेसेजमध्ये “तुम्ही”वरून “तू”वर कधी यायचं? आणि “तू” म्हणणारं माणूस अचानक “तुम्ही” म्हणायला लागलं तर काय समजायचं?’

आधी क्रियापदाकडे बघा. मराठीत ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ गाळूनही वाक्य पूर्ण होतं, पण क्रियापदाचा शेवट सगळं सांगून टाकतो. ‘पोचलात का?’ यात ‘तुम्ही’ लिहिलेलं नाही, तरी ते आहेच. ‘पोचलीस का?’ यात ‘तू’ आहे आणि समोर बाई आहे हेही आहे. बोलताना हे शेवट थोडे गिळता येतात, आवाजाने सांभाळून घेता येतात. मेसेजमध्ये ते अक्षरांत उतरतात आणि समोरचा ते पुन्हा वाचू शकतो.

म्हणूनच ‘तुम्ही’वरून थेट ‘तू’वर फारसं कुणी येत नाही. मधे एक टप्पा लागतो, त्यात दोन्ही टाळलेली असतात. एका कामावर नव्याने एकत्र आलेल्या, साधारण एकाच वयाच्या दोघींचं उदाहरण घेऊ. सुरुवातीला पहिली लिहिते, ‘फाइल पाठवता का?’ काही दिवसांनी तेच ‘फाइल मिळेल का?’ होतं. मग ‘जेवण झालं का?’, ‘उद्या जमेल का?’, ‘आपण हे उद्याच संपवूया का?’ अशी वाक्यं येऊ लागतात. यातल्या शेवटच्या वाक्यातला ‘आपण’ मला फार आवडतो, कारण तो दोघींना एका बाजूला बसवतो आणि कुणाचं कोणाशी काय नातं हा प्रश्नच येऊ देत नाही. (तोच ‘आपण’ ‘आपण कधी येणार?’ असा आला, तर मात्र तो ‘तुम्ही’पेक्षाही लांबचा होऊ शकतो.)

पुढे कधीतरी घाईत पहिली लिहून जाते, ‘अगं, पाठव ना लवकर.’ आता खरं बघायचं ते उत्तर. ‘पाठवते गं’ आलं तर ‘तू’ न लिहिताही ते मान्य झालं. ‘पाठवते, बघून घ्या’ आलं तर दुसरीला अजून अंतर हवं आहे, आणि तिने ते न दुखावता सांगितलं आहे. अशा वेळी पुढचा मेसेज निमूट ‘घ्या’च्या घरात लिहावा, विषय काढू नये. आणि नुसतं ‘हो, पाठवते’ आलं तर त्यातून काहीच ठरत नाही, कारण स्वतःबद्दलच्या क्रियापदात समोरच्याचा आदर दिसत नाही. तिने तुम्हाला उद्देशून काही लिहीपर्यंत थांबा.

वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने ‘तू’ सुरू केलं, तर आपणही तसंच करायचं असं नाही. तिकडून ‘तू’, इकडून ‘तुम्ही’ हे नातं वर्षानुवर्षं मायेने चालतं. आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या घरांत वडील दूरचे असतात असं कुणी म्हणणार नाही.

उलटा प्रवास जास्त बोचतो, आणि तो सर्वनामापासून क्वचितच सुरू होतो. आधी ‘रे’, ‘गं’, ‘ना’ जातात. ‘येतोस का रे?’चं ‘येणार आहेस का?’ होतं, मग ‘यायचं असेल तर कळव’, आणि शेवटी ‘कळवा’. ‘कळवा’ दिसतं तेव्हा आपण दचकतो, पण तोवर दुरावा बराच जुना झालेला असतो. मागचे मेसेज वर सरकवून वाचले तर ‘रे’ नेमका कुठे गळला ते सापडतं. बहुतेकदा त्याच्या जरा आधीच काहीतरी घडलेलं असतं.

चेष्टेतला ‘तुम्ही’ यापासून वेगळा ओळखता येतो. ‘काय साहेब, विसरलात वाटतं आम्हाला!’ यात संबोधन मुद्दाम फुगवलेलं असतं, आणि पुढच्याच वाक्यात ‘कधी येतोस?’ परत येतं. रागातला ‘तुम्ही’ संबोधन फुगवत नाही. तो साधा, नेटका असतो आणि पुढच्या मेसेजमध्येही टिकतो.

एका मेसेजवरून मात्र निष्कर्ष काढू नका. शेजारी कुणी वाचत असेल, ग्रुपमध्ये वरिष्ठ असतील, तर जवळचं माणूसही ‘तुम्ही’ लिहितं. खाजगीत ‘तू’ आणि ग्रुपमध्ये ‘तुम्ही’ हा अनेकांचा नेहमीचा रिवाज असतो. पण खाजगीतही ‘तुम्ही’ टिकून राहिला, तर ‘तुम्ही का म्हणतेस?’ असं विचारू नका. त्यावर ‘असंच’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘त्या दिवशीच्या बोलण्याचं वाईट वाटलं का गं?’ असं लिहा, ‘गं’सकट. उत्तर ‘तू’मध्ये आलं, मग ते भांडणाचं का असेना, तर बोलणं पुढे नेता येतं.